कोटेशनच्या पत्रातील तीन कलमे

कोटेशनच्या कव्हरिंग लेटरमध्ये मालाचे वर्णन आणि तांत्रिक तपशील बहुधा नीट लिहिलेले असतात. वाद उद्भवतो तो शेवटच्या तीन-चार ओळींवरून. पैसे केव्हा द्यायचे, कर किती आणि कोणत्या रकमेवर, दर कधीपर्यंत लागू, या गोष्टी त्या ओळींमध्ये घाईघाईने उरकलेल्या असतात. पुण्याजवळच्या भोसरीतील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपने नाशिकच्या अन्नप्रक्रिया कारखान्यासाठी कन्व्हेयरचे कोटेशन दिले, असे समजू. कन्व्हेयरची किंमत ८,००,००० रुपये, वाहतूक आणि जोडणीचे ४०,००० रुपये. पत्राचा शेवट असा आहे:

“वरील दरावर टॅक्स एक्स्ट्रा. पेमेंट ३० टक्के अॅडव्हान्स, ६० टक्के डिलिव्हरीच्या वेळी, १० टक्के कमिशनिंगनंतर. दर ३० दिवस वैध.”

अशी पत्रे रोज शेकड्यांनी जात असतील. लिहिणाऱ्याला त्यातला प्रत्येक शब्द स्पष्ट वाटतो, कारण हिशेब त्याच्या डोक्यात आहे. वाचणाऱ्या खरेदी अधिकाऱ्याकडे मात्र फक्त पत्र असते.

दुरुस्तीची सुरुवात करापासून करावी. करपात्र रक्कम ठरल्याशिवाय टक्केवारीला अर्थ येत नाही. पुरवठादारच वाहतूक आणि जोडणी करून देणार असेल, तर तो खर्च मालाच्या किमतीत धरला जातो आणि कर एकत्रित रकमेवर लागतो. म्हणजे करपात्र रक्कम ८,४०,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी १,५१,२०० रुपये, एकूण ९,९१,२०० रुपये. “टॅक्स एक्स्ट्रा” या दोन शब्दांऐवजी या तीन रकमा एकाखाली एक लिहिल्या की वाहतुकीवर कर आहे की नाही, ही शंकाच उरत नाही.

कर कोणत्या रूपात लागेल, हेही लिहावे लागते. पुरवठादार महाराष्ट्रातला आणि यंत्र नाशिकला बसणार, म्हणून सीजीएसटी ९ टक्के आणि एसजीएसटी ९ टक्के. तेच यंत्र वापीला बसवायचे असते, तर आयजीएसटी १८ टक्के लागला असता. जागेवर जोडून बसवायच्या मालाचे पुरवठा-स्थान म्हणजे तो जिथे बसतो ते ठिकाण. ग्राहकाचे मुख्य कार्यालय कुठे आहे, यावर ते ठरत नाही. ग्राहकाची नोंदणी फक्त गुजरातमध्ये असेल आणि यंत्र नाशिकला बसले, तर महाराष्ट्रात भरलेल्या कराचे क्रेडिट त्याला मिळवता येत नाही. म्हणून बसवण्याचा पत्ता आणि ग्राहकाचा जीएसटी क्रमांक पत्रात असावा. चूक असेल तर ती ऑर्डरपूर्वीच दिसते. शेवटी “बिलाच्या वेळी कराचा जो दर लागू असेल, तो आकारला जाईल” हे वाक्य हवे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक वस्तूंचे जीएसटी दर बदलले, तेव्हा ज्यांच्या जुन्या कोटेशनमध्ये कर किमतीतच मिसळलेला होता, त्यांना आपली मूळ किंमत कोणती, हेच आधी सिद्ध करावे लागणार होते.

आता हप्ते. “३० टक्के” म्हणजे कशाचे? मूळ रकमेचे धरले तर २,५२,००० रुपये. करासहित एकूण रकमेचे धरले तर २,९७,३६० रुपये. पहिल्याच हप्त्यात ४५,३६० रुपयांचा फरक पडतो. ग्राहक कमी पाठवतो, पुरवठादार अपुरे म्हणतो आणि काम सुरू व्हायच्या आतच मन कडवट होते.

यावर चांगला उपाय म्हणजे सगळ्या टक्केवाऱ्या कर वगळून लावणे आणि संपूर्ण कर एकाच हप्त्यात घेणे. मालाच्या आगाऊ रकमेवर जीएसटी भरण्याची सक्ती नोव्हेंबर २०१७ मध्ये नियमित करदात्यांसाठी काढून टाकण्यात आली. कर बिलाच्या वेळी देय होतो आणि असे बिल साधारणपणे माल निघताना होते. म्हणून कर डिस्पॅचच्या हप्त्यासोबत मागणे सोयीचे. देखभाल करारासारख्या निव्वळ सेवेला ही सवलत नाही. तिथे आगाऊ रकमेवरही कर लागतो, त्यामुळे प्रत्येक हप्त्यासोबत त्याचा कर लिहावा.

टक्केवारीपेक्षाही अवघड असतो हप्त्याचा क्षण. “डिलिव्हरीच्या वेळी” म्हणजे ट्रक भोसरीतून निघण्यापूर्वी, की नाशिकच्या फाटकावर उभा राहिल्यावर? ट्रक फाटकावर असताना पैशाची बोलणी सुरू झाली, तर माल परत आणण्याचा खर्च डोक्यावर घेऊन पुरवठादार बोलत असतो. प्रत्येक हप्ता दोन्ही पक्षांना दिसेल आणि कागदावर दाखवता येईल अशा घटनेला बांधला पाहिजे: पीओ मिळाली, वर्कशॉपमध्ये तपासणी झाली, चाचणीच्या अहवालावर सही झाली. शेवटच्या १० टक्क्यांना तर मुदतीची दुसरी बाजू लागतेच. ग्राहकाच्या शेडमध्ये वीजजोडणीच आली नाही, तर कमिशनिंग महिनोन्महिने होत नाही. यंत्र पोहोचलेले, पैसे मात्र अडकलेले, अशी स्थिती होते. “कमिशनिंग किंवा डिस्पॅचपासून ३० दिवस, यांपैकी जे आधी” एवढ्याने ती टळते. पुरवठादाराच्या कामामुळेच कमिशनिंग लांबले, तर ही मुदत लागू नये, असेही लिहिणे न्यायाचे आहे. त्याने ग्राहकाचा विश्वास वाढतो.

वैधतेचे कलम सर्वांत छोटे असते आणि सर्वांत कमी विचाराने लिहिलेले असते. ३० दिवस पत्राच्या तारखेपासून, की ते मिळाल्यापासून? दिवसांऐवजी तारीख लिहावी. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्तावात दिलेली मुदत संपली की प्रस्तावही संपतो. मुदत दिलीच नसेल, तर “वाजवी काळ” धरला जातो आणि पोलादाचा भाव वर गेला असताना वाजवी काळ कोणता, यावर एकमत होणे कठीण. मुदतीच्या आत नेमके काय घडायला हवे, हेही सांगावे. फोनवर “करा सुरू” म्हणणे पुरेसे, की लेखी पीओ हवी, की आगाऊ रक्कमही जमा व्हायला हवी? शिवाय अटी बदलून पाठवलेली पीओ म्हणजे स्वीकृती नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो नवा प्रस्ताव ठरतो. आलेली पीओ कोटेशनशी ओळीने ताडून पाहणे त्यासाठीच.

वैधता आणि पुरवठ्याची मुदत यांची गल्लतही बरीच होते. वैधता ऑर्डर देण्यापुरती असते. ऑर्डर वेळेत आली, तर माल नंतर निघाला तरी दर तोच राहतो.

हे सारे धरून तोच शेवट असा लिहिता येतो:

“कन्व्हेयर, नाशिकपर्यंत वाहतूक आणि जोडणी मिळून ८,४०,००० रुपये. सीजीएसटी ९ टक्के ७५,६०० रुपये, एसजीएसटी ९ टक्के ७५,६०० रुपये. एकूण ९,९१,२०० रुपये. बिलाच्या वेळी लागू असलेल्या दराने कर आकारला जाईल.

पीओसोबत २,५२,००० रुपये (कर वगळून किमतीच्या ३० टक्के). आमच्या वर्कशॉपमध्ये तपासणी झाल्यावर, डिस्पॅचपूर्वी ६,५५,२०० रुपये (६० टक्के म्हणजे ५,०४,००० रुपये आणि संपूर्ण जीएसटी १,५१,२०० रुपये). उरलेले ८४,००० रुपये (१० टक्के) कमिशनिंग झाल्यावर किंवा डिस्पॅचपासून ३० दिवसांनी, यांपैकी जे आधी असेल तेव्हा. आमच्या कामामुळे कमिशनिंग लांबल्यास ३० दिवसांची अट लागू नाही.

हे दर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत लेखी पीओ आणि पहिला हप्ता आमच्याकडे पोहोचल्यास लागू राहतील. पुरवठा पहिला हप्ता आणि मंजूर ड्रॉइंग, यांपैकी नंतर मिळालेल्या तारखेपासून ६ आठवड्यांत.”

मजकूर लांबला आहे, पण तिन्ही हप्त्यांची बेरीज ९,९१,२०० रुपयेच येते आणि पत्र पाठवण्यापूर्वी ती करून पाहायचीच असते. सोबतच्या दरपत्रकाच्या तळाशी जुन्या साच्यातली “पेमेंट १०० टक्के आगाऊ” किंवा “वैधता १५ दिवस” अशी ओळ राहिलेली नाही ना, हेही तेव्हाच पाहावे. पत्र आणि दरपत्रक वेगवेगळे बोलू लागले, तर ग्राहक स्वतःच्या सोयीची ओळ धरतो. घासाघीस होऊन आकडे बदलले, की सुधारित कोटेशनला नवा क्रमांक आणि नवी तारीख द्यावी आणि आधीचे रद्द झाल्याचे त्यातच लिहावे.