जिंकूनही हाती काही न येणारा जुगार

स्लॉट मशीनचे अ‍ॅप उघडताच समजा एक लाख नाणी फुकट मिळाली. खिशातला रुपयाही गेला नाही, तेव्हा हा निव्वळ विरंगुळाच वाटतो. पण ही लाखभर नाणी पुरतात किती वेळ?

समजा, लावलेल्या दर 100 नाण्यांपैकी यंत्र सरासरी 95 परत देते. दर फेरीला 1,000 नाणी लावली, तर फेरीमागे सरासरी 50 नाणी जातात. म्हणजे लाखभर नाणी साधारण 2,000 फेऱ्या टिकतील. फेरीला सहा सेकंद धरले, तर तीन तास वीस मिनिटे झाली. आता खेळाडूची पातळी वाढते, मोठ्या डावांची दारे उघडतात आणि तो फेरीला 10,000 नाणी लावू लागतो. तीच नाणी वीस मिनिटांत संपतात. नेमक्या त्या क्षणी पडद्यावर खरेदीची खिडकी येते: थांबा, नाहीतर पैसे भरा. नाण्यांचे आकडे लाखा-कोटींत असल्याने त्यामागचे रुपये डोळ्यांसमोर येतच नाहीत.

खऱ्या कसिनोत जिंकलेली चिप खिडकीवर देऊन पैसे घेता येतात. इथे मोठा जॅकपॉट लागला, तरी त्यातून मिळतात फक्त आणखी फेऱ्या. भरलेल्या पैशांपैकी एक पैसाही परत येत नाही. म्हणूनच कंपन्या म्हणतात, हा जुगार नव्हेच.

अमेरिकेत हा युक्तिवाद कोर्टात तपासला गेला. ‘बिग फिश कसिनो’ या अ‍ॅपवर 1,000 डॉलरहून अधिक गमावलेल्या एका महिलेने 2015 मध्ये दावा लावला. खालच्या कोर्टाने तो फेटाळला. पण वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यात फुकट खेळत राहण्याची मुभा हीदेखील ‘मोलाची वस्तू’ मानलेली आहे. चिपांमुळे नेमकी हीच मुभा मिळते, म्हणून दाव्यात वर्णन केलेला खेळ त्या कायद्याने बेकायदा जुगारच ठरतो, असे अपील कोर्टाने 2018 मध्ये म्हटले. अ‍ॅपची आधीची आणि नंतरची मालक असलेल्या दोन कंपन्यांनी पुढे 15.5 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. हा निकाल त्या एका राज्याच्या कायद्यापुरता आहे. इतर ठिकाणची व्याख्या वेगळी असू शकते. पण कंपन्यांनी जे नाकारले, ते त्यात स्पष्ट झाले: इथे विकला जातो तो खेळत राहण्याचा वेळ, आणि तो कधी संपावा हे अ‍ॅप बनवणाराच ठरवतो.

माझ्या मते, अ‍ॅप फुकट उतरवता येते म्हणून त्याला फुकट करमणूक म्हणणे ही फसवणूक आहे. बहुतेक लोक एक रुपयाही न भरता खेळतात, हे खरेच. कमाई येते ती थोड्या लोकांकडून, आणि त्यांतल्या काहींना थांबणे जमत नसते. एखादे माणूस हल्ली खरेदी लपवते, ‘गेलेली नाणी भरून काढतो’ म्हणते, नाणी संपली की चिडते, असे घरात दिसत असेल, तर भांडू नका. त्यांच्यासोबत बसून प्ले स्टोअरमधला खरेदीचा इतिहास उघडा आणि गेल्या सहा महिन्यांची बेरीज रुपयांत करा.