पहिलं वाक्य झाकून बघा

हा परिच्छेद जरा वाचा. नमुन्यासाठी मी तो मुद्दाम जुळवलाय, पण त्यातली माहिती खरी आहे, आणि बंगळुरूवरच्या लेखांत असे परिच्छेद ढिगाने सापडतात.

«बंगळुरू हे तळ्यांचं शहर आहे. सोळाव्या शतकात केंपेगौडाने ते वसवलं तेव्हा पाण्यासाठी तळी बांधली. आज शहराच्या नळांना येणारं पाणी मात्र शंभरेक किलोमीटरवरून, कावेरीतून आणलेलं असतं. ते तीन टप्प्यांत पंपाने वर चढवावं लागतं. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आता मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. तसेच संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव स्टेडियम उभं आहे. बंगळुरूची हवा वर्षभर आल्हाददायक असते.»

शुद्धलेखन ठीक, माहिती ठीक, एकेक वाक्य सुटं घेतलं तर तेही ठीक. तरी शेवटी पोचल्यावर ‘बरं, मग?’ असं वाटतंच. कारण पहिल्या वाक्याने एक कबूल केलं आणि पुढच्या सहांपैकी पाचांनी भलतंच दिलं. तळ्यांच्या शहराबद्दल खरोखर बोलतं ते फक्त दुसरं वाक्य. तिसरं-चौथं दुरून आणलेल्या पाण्याचं आहे, पाचवं-सहावं तळी नाहीशी झाल्याचं, म्हणजे पहिल्या वाक्याच्या जवळजवळ विरुद्धच. सातवं कुणाचंच नाही.

पहिल्या वाक्याला एवढं महत्त्व का, याचं उत्तर १९७२ सालच्या एका प्रयोगात सापडतं. जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्शा जॉन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक गमतीदार उतारा लिहिला. त्यात वस्तूंचे गट करा, एका वेळी फार घेऊ नका, चूक महागात पडू शकते, अशी सगळी सोपी वाक्यं होती. पण हे कशाबद्दल चाललंय ते काही कळेना. उतारा कपडे धुण्याबद्दलचा होता! ज्यांना हे आधी सांगितलं होतं, त्यांना उताऱ्यातल्या अठरा मुद्द्यांपैकी सरासरी सहाच्या आसपास मुद्दे आठवले; ज्यांना सांगितलंच नव्हतं, त्यांना तीनच्या आसपास. आणि खरी चकित करणारी गोष्ट अशी की, ज्यांना विषय वाचून झाल्यावर सांगितला त्यांनाही तिनाच्या आसपासच आठवले. विषय उशिरा कळून काहीच उपयोग झाला नाही.

म्हणजे वाचणारा वाक्यं गोळा करून शेवटी अर्थ लावत बसत नाही. पहिल्या वाक्यापाशीच तो मनात एक जागा तयार करतो आणि पुढचं प्रत्येक वाक्य तिथे ठेवत जातो. ती जागाच चुकीची असेल तर पुढची खरी माहितीही खाली सांडते. विषय न सांगण्यापेक्षा चुकीचा सांगणं मला तरी जास्त वाईट वाटतं, कारण तिथे वाचक गोंधळतोही आणि गोंधळ आपलाच आहे असंही समजतो.

आता दुरुस्ती. पहिली पायरी हास्यास्पद वाटावी इतकी साधी आहे: पहिलं वाक्य हाताने झाका. उरलेली वाक्यं अशी वाचा, जणू दुसऱ्या कुणी लिहिली आहेत. मग ती मिळून काय सांगतात ते एका वाक्यात, क्रियापदासकट, कागदावर लिहा. क्रियापद हवंच. ‘बंगळुरूची तळी’ हा नुसता विषय झाला, त्यावर काहीही लिहिता येतं. ‘बंगळुरूच्या मध्यातली तळी बुजली’ हे विधान झालं. ते खरं की खोटं हे विचारता येतं, म्हणून त्याला आधारही देता येतो. मग हात काढा आणि मूळ पहिल्या वाक्याशी ताडून पाहा. दोन्ही जुळली तर प्रश्नच नाही. नाही जुळली तर एक बदलावं लागेल, आणि कोणतं ते लेखाला विचारायचं. लेखाच्या या टप्प्यावर वाचकाला तळ्यांचं शहर दाखवायचं असेल, तर पहिलं वाक्य ठेवा आणि मजकूर बदला. अलसूरचं तळं आणा, १८८२ साली बांधलेलं सँकी तळं आणा. बुजलेल्या तळ्यांची गोष्ट सांगायची असेल तर पहिलं वाक्यच जाऊ द्या. आणि मजकुरातूनच दोन विधानं निघत असतील तर परिच्छेद दोन करा.

शिवण कुठे उसवली आहे ते शोधायला ‘मात्र’ आणि ‘तसेच’ या शब्दांवर नजर ठेवावी. आमच्या नमुन्यात दोन्ही आहेत. जिथे लिहिणाऱ्याला पुढचं वाक्य आधीच्याशी जोडायला खरं कारण मिळत नाही, तिथे हे शब्द हमखास येतात.

इथे एक सापळा आहे आणि त्यात भलेभले संपादक अडकतात. पहिलं वाक्य मजकुराशी जुळत नाही ना, मग ते इतकं सैल करायचं की त्याखाली काहीही मावेल: ‘बंगळुरूच्या पाण्याचा इतिहास मोठा रंजक आहे.’ आता एकही वाक्य त्याच्या विरुद्ध जात नाही. पण एकही वाक्य त्याला आधारही देत नाही. ओळखायची खूण अशी: त्या वाक्यातलं गावाचं नाव बदलून पुणे घाला. वाक्य जसंच्या तसं खरं राहिलं, तर ते काहीच सांगत नव्हतं.

दुसरा उपाय जास्त हुशारीचा वाटतो. दोन विधानं कारणाने बांधायची: ‘तळी बुजली, म्हणून बंगळुरूला दुरून पाणी आणावं लागलं.’ एकच वाक्य, एकच मुद्दा, हवेचं शेवटचं वाक्य सोडलं तर सगळा मजकूर खाली नीट बसतो. फक्त हे खरं आहे का? ‘म्हणून’ म्हटलं की तारखा तपासायला हव्यात. बंगळुरूला अर्कावती नदीवरच्या हेसरघट्ट तलावातून नळाने पाणी मिळू लागलं १८९६ मध्ये. तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय १९३३ चा. कावेरीचं पाणी आलं १९७४ मध्ये. आणि धर्मांबुधी, संपंगी ही तळी आटली, बुजली ती विसाव्या शतकात, म्हणजे पहिला नळ आल्यावर. क्रम उलटा निघाला! बंगळुरूच्या तळ्यांवर वर्षानुवर्षं संशोधन करणाऱ्या हरिणी नागेंद्र हेच दाखवतात, की नळाचं पाणी आल्यावर शहराची तळ्यांवरची भिस्त कमी झाली आणि त्यांची राखणही सुटली.

मला या कामातलं सगळ्यात मोठं नवल हे वाटतं. परिच्छेद नीट करायला बसावं आणि इतिहासातली चूक हाती लागावी. सात वाक्यं विस्कळीत असताना ही चूक दिसलीच नसती, कारण त्यांत कुठलंच विधान नव्हतं. एक मुद्दा ठाम लिहिल्यावरच तो चुकीचा असू शकतो.

तेव्हा पाचवं-सहावं वाक्य वेगळं काढून त्यांचा परिच्छेद असा करता येईल:

«नळ आल्यावर शहराच्या मध्यातली जुनी तळी पोरकी झाली. १८९६ मध्ये हेसरघट्टहून पाणी येऊ लागलं आणि पिण्यासाठी जवळच्या तळ्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली. पुढच्या काळात धर्मांबुधी आटलं, तिथे आज मॅजेस्टिकचं बसस्थानक आहे. संपंगीच्या जागी कंठीरव स्टेडियम उभं आहे.»

‘नळामुळे’ न लिहिता ‘नळ आल्यावर’ लिहिलंय ते जाणूनबुजून. वाढत्या शहराला जागाही हवी होती. या चार वाक्यांत जेवढा आधार आहे, तेवढंच पहिल्या वाक्याने बोलावं.

उरली ती दुसरी, तिसरी, चौथी आणि सातवी ओळ. हवेची सातवी ओळ काढून टाकायला हात शिवशिवतो. पण काढण्यापूर्वी एकदा विचारावं, की ती खरी ठरते ती कशामुळे? बंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे. आणि पाणी पंपाने का चढवावं लागतं? त्याच उंचीमुळे. केंपेगौडाला तळी का बांधावी लागली? शहर उंचवट्याच्या माथ्यावर, पावसाचं पाणी एका अंगाने अर्कावतीकडे आणि दुसऱ्या अंगाने दक्षिण पिनाकिनीकडे निघून जातं, जवळ मोठी नदी नाही. परकं वाटणारं वाक्यच बाकीच्यांचं गोत्र सांगून गेलं:

«बंगळुरूला जी उंची थंडावा देते, तीच पाणी महाग करते. शहर सुमारे ९०० मीटरवर, उंचवट्याच्या माथ्यावर वसलंय, म्हणून इथला उन्हाळा सुसह्य असतो. पण माथ्यावरचं पाणी दोन्ही बाजूंनी वाहून जातं. केंपेगौडाने ते तळी बांधून अडवलं. आज कावेरीचं पाणी तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन टप्प्यांवर पंप करत सुमारे अर्धा किलोमीटर उंच चढवावं लागतं.»

यात हवा आणि पाणी अशा दोन गोष्टी आहेत, तरी मुद्दा एकच आहे. खात्री करायची तर हवेचं वाक्य काढून पाहा: पहिलं वाक्य लगेच लंगडं पडतं. ज्या वाक्याच्या जाण्याने पहिल्या वाक्याला काही होत नाही, ते त्या परिच्छेदाचं नव्हे.

याला मर्यादा आहेत. पहिल्या वाक्यात विषय सांगावा हा नियम स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६ मध्ये पाठ्यपुस्तकात घातला आणि शाळांनी तो उचलला. पण रिचर्ड ब्रॅडॉक यांनी १९७४ मध्ये नामवंत अमेरिकी नियतकालिकांतले लेख मोजून पाहिले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद शंभरात तेराच्या आसपासच निघाले. चांगले लेखक मुद्दा मध्ये ठेवतात, शेवटी ठेवतात, कधी लिहीतही नाहीत. तिथे झाकायला पहिलं वाक्य नसतं, पण सगळा परिच्छेद मिळून काय म्हणतो ते एका वाक्यात लिहिण्याची चाचणी तिथेही चालते. प्रसंगवर्णनाला आणि संवादाला ती लावू नये. तिथे परिच्छेद वेगळ्या कारणांनी तुटतात.

स्वतःच्या लेखावर हे करून पाहायचं असेल, तर ज्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य तुम्हाला फार आवडतं तिथून सुरुवात करा. आवडतं वाक्य बहुधा मजकुराच्या आधी सुचलेलं असतं, आणि नंतर मजकूर कुठे गेला तरी ते आपल्याच्याने हलवत नाही.