मागे राहिलेली प्रत, पुढे सरकलेली खूण

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीच्या २०१० साली आलेल्या ९.० या आवृत्तीपासून मुख्य सर्व्हरची सतत अद्ययावत होणारी प्रत ठेवून तिच्यावर केवळ वाचनाचे काम सोपवण्याची अंगभूत सोय झाली. अशा प्रतीला रीड रेप्लिका म्हणतात. मुख्य सर्व्हर प्रत्येक बदल आधी ‘वॉल’ नावाच्या क्रमवार नोंदवहीत लिहितो. त्या नोंदी रेप्लिकाकडे पोहोचतात आणि तेथे त्याच क्रमाने पुन्हा लागू केल्या जातात. मूळ मांडणीत मुख्य सर्व्हर रेप्लिकाची वाट न पाहताच व्यवहार कायम, म्हणजे कमिट, करतो. त्यामुळे दोहोंमध्ये काही अंतर राहतेच आणि त्यालाच रेप्लिकेशन लॅग म्हणतात.

हा लॅग बहुधा क्षणिक असतो, पण ठरावीक वेळी चालणारे सिंक त्याचे रूपांतर कायमच्या हानीत करू शकते. समजा, एका दुकानाच्या ऑर्डरी दर १५ मिनिटांनी हिशेबाच्या प्रणालीत जातात. सिंक मागच्या वेळेची एक खूण जपून ठेवते, `updated_at` त्या खुणेनंतरचा असलेल्या ओळी रेप्लिकावरून उचलते आणि मग घड्याळातील चालू वेळ नवी खूण म्हणून लिहिते. १० वाजून १४ मिनिटे २० सेकंदांनी एक ऑर्डर रद्द झाली, १०.१५ ला सिंक सुरू झाले तेव्हा रेप्लिका ७० सेकंद मागे, म्हणजे १० वाजून १३ मिनिटे ५० सेकंदांवर होती. तिच्यावर त्या ऑर्डरीची कालचीच ओळ दिसत असल्याने ती निवडली गेली नाही, आणि खूण मात्र १०.१५ वर सरकली. साडेदहाच्या सिंकच्या वेळी ती रद्द झालेली ओळ रेप्लिकावर हजर होती. पण तिचा `updated_at` खुणेच्या आधीचा असल्याने ती पुन्हा वगळली गेली. ती ऑर्डर पुढे कधी बदलली नाही, तर हिशेबात ती चालूच राहते. कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही, कारण प्रत्येक क्वेरीने आपले काम बिनचूक केलेले असते.

अशी गळती ओळखण्याचा मार्ग याच रचनेत आहे. दोन्हीकडच्या ओळी ताडून पाहिल्यावर सुटलेल्या ओळींचे `updated_at` दिवसभर विखुरलेले न आढळता प्रत्येक पाव तासाच्या ठोक्याआधीच्या मिनिटा-दोन मिनिटांत दाटलेले आढळले, तर दोष खुणेचा आहे असे समजावे. कधी कधी लॅग वाढवण्यास सिंक स्वतःच कारणीभूत ठरते. मुख्य सर्व्हरवर जुन्या ओळींची साफसफाई झाली आणि रेप्लिकावरील लांबलेल्या क्वेरीला त्याच ओळी लागत असतील, तर रेप्लिका नव्या नोंदी लागू करणे थांबवते. ही मुभा `max_standby_streaming_delay` ठरवते. तिचे मूळ मूल्य ३० सेकंद असले, तरी अहवालांच्या क्वेरी मध्येच तुटू नयेत म्हणून ते पुष्कळदा वाढवलेले असते.

यावर खूण काही मिनिटे मागे ठेवण्याचा उपाय सहज सुचतो. पण पाच मिनिटांची सवलत लॅग सहा मिनिटांवर जाईपर्यंतच पुरते. म्हणून खूण घड्याळावरून न घेता रेप्लिका प्रत्यक्षात कोठवर पोहोचली आहे, यावरून घ्यावी लागते. रेप्लिकावर `now()` विचारल्यास तिच्या यंत्राचे घड्याळच उत्तर देते. हवे असलेले उत्तर पुढील क्वेरीतून मिळते.

```sql
SELECT pg_last_xact_replay_timestamp();
```

रेप्लिकाने शेवटचा लागू केलेला व्यवहार मुख्य सर्व्हरवर केव्हा संपला, हे यातून कळते. हे मूल्य ओळी वाचण्यापूर्वी आणि त्याच जोडणीवर घ्यावे, कारण वाचन चालू असतानाही रेप्लिका पुढे सरकत असते. मुख्य सर्व्हर निवांत असेल, तर हे मूल्य जुनेच राहते. लॅग मोजताना त्यामुळे खोटी घबराट उडते, पण खूण म्हणून ते निरुपद्रवी ठरते.

तरीही थोडी सवलत उरतेच. `updated_at` बहुधा `now()` ने भरला जातो आणि पोस्टग्रेसमध्ये `now()` व्यवहार सुरू झाल्याची वेळ देतो. तीन मिनिटे चाललेला व्यवहार कमिट होतो तेव्हा त्याच्या ओळींवर तीन मिनिटांपूर्वीची वेळ असते. म्हणून खूण सर्वांत लांब लेखन-व्यवहाराहून थोडी अधिक मागे ठेवावी आणि तीच ओळ दोनदा आली तरी बिघडू नये, यासाठी ती `INSERT ... ON CONFLICT DO UPDATE` ने लिहावी. अशी व्यवस्था असल्यास पूर्वी सुटलेल्या ओळीही खूण संशयित काळाच्या मागे नेऊन एकदा सिंक चालवल्यावर भरून निघतात. मात्र ज्या ओळी मुख्य सर्व्हरवरून पुसल्याच गेल्या, त्यांना `updated_at` उरत नाही. त्या शोधण्यासाठी दोन्हीकडच्या ओळींचे क्रमांकच पडताळावे लागतात.