गोळी सोडायचीय, पण जमेल का?

केमिस्टच्या काउंटरवर आजूबाजूला कोणी नाही ना, हे बघून हळूच मागितली जाणारी ती गोळी आता तिशीतल्या पोरांच्या लॅपटॉप बॅगेतही सापडते. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल. मग एक दिवस सुटलेलं पोट आरशात खुपतं, चालणं सुरू होतं, वजन उतरतं आणि प्रश्न पडतो: आता ही सोडली तर? की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न?

आधी एक गैरसमज काढून टाकू. शरीराला या गोळीचं व्यसन लागत नाही. सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण साधारण चार तासांत निम्म्यावर येतं, टाडालाफिलचं सतरा-अठरा तासांत. त्यामुळे स्टेरॉइडसारखी ती हळूहळू उतरवलीच पाहिजे, असं शरीराचं काही म्हणणं नसतं. हळूहळू सोडायची ती दोन कारणांनी. मनाला धक्का बसू नये आणि सुधारणा आपली किती, गोळीची किती, हे कळावं.

कारण गोळी बिघाड दुरुस्त करत नाही. उत्तेजना आली की रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, त्याने वाहिन्या सैलावतात आणि रक्त भरतं. गोळी फक्त हा परिणाम जास्त वेळ टिकवते. चरबी, साखर आणि सिगरेट नेमकं ते अस्तरच खराब करतात. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. म्हणून तक्रार बऱ्याचदा आधी खाली येते. अस्तर सुधारलं, तरच गोळीची गरज कमी होते.

ते सुधारतं का? इटलीत नेपल्सच्या डॉक्टरांनी ३५ ते ५५ वयाच्या ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं अभ्यास केला, २००४ साली तो छापून आला. मधुमेह, ब्लडप्रेशर असलेले त्यात घेतलेच नव्हते. आहार आणि व्यायाम नीट सांभाळणाऱ्या ५५ जणांपैकी १७ जण नॉर्मल झाले. फक्त जुजबी सल्ला मिळालेल्या ५५ पैकी तिघंच. म्हणजे चमत्कार नाही, पण तीनातला एक. (हा अभ्यास वजनाचा होता, गोळी सोडण्याचा नाही, हेही ध्यानात ठेवा.)

आता हे मुलुंडमध्ये कसं दिसेल? समजा, ३६ वर्षांचा एक जण. वजन ९४ किलो, रोज सीएसएमटीपर्यंत लोकल, रात्री उशिरा जेवण, दिवसाला सहा सिगरेटी, आठवड्यातून एकदा ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल. सहा महिन्यांत सिगरेट बंद, आठवड्यातून चार दिवस योगी हिल्सचा चढ, वजन ८३. आता डॉक्टरांशी बोलून तो २५ मिलिग्रॅमवर येतो. एका रात्रीवर निकाल नाही, निदान सहा-आठ वेळा बघायचं. एकदा फसतं, पण त्या रात्री मित्राच्या पार्टीत बिर्याणी हाणली होती. तेलकट जेवणाने सिल्डेनाफिलचा असर तासभर लांबतो, तेव्हा तो फसलेला प्रयोग धरायचाच नाही. २५ वर जमलं, की पुढे एकदा गोळी, एकदा बिनगोळी. पाकीट ड्रॉवरमध्येच राहू दे. ते आहे, एवढ्यानेच निम्मं टेन्शन जातं.

आणि टेन्शन हाच इथला मोठा व्हिलन. "आज गोळी नाही" या धास्तीने अॅड्रेनलिन वाढतं, ते वाहिन्या आवळतं, आणि बिघाड नसतानाही फजिती होते. ओळखायचं कसं? पहाटे ताठरता नेहमीसारखी येत असेल आणि बायकोजवळच अडत असेल, तर बहुधा डोकं आडवं येतंय. पहाटेही नसेल, तर रक्तवाहिन्या, साखर किंवा टेस्टोस्टेरॉनकडे बघायला हवं. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळीच करायची. डॉक्टरांकडे पाच प्रश्नांची प्रश्नावलीही असते, २५ पैकी २२ किंवा जास्त म्हणजे नॉर्मल. गोळी घेत असताना एकदा भरा आणि बिनगोळीचे दोन महिने झाल्यावर पुन्हा. आकडा जवळपास तोच, तर सुधारणा टिकलीय. १५-१६ वर घसरला, तर गोळी बरंच काम करत होती.

पण तो घसरला म्हणून खचायचं कारण नाही. जुना मधुमेह किंवा प्रोस्टेटचं ऑपरेशन असेल, तर नसाच दुखावलेल्या असतात, तिथे चढ चढून सगळं परतत नाही. अशांनी कमीत कमी डोस चालू ठेवला तर त्यात हरल्यासारखं काय आहे? मात्र या प्रयोगाच्या भरात बीपीची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करू नका. आणि छातीत दुखण्यासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेत असाल, तर सिल्डेनाफिल-टाडालाफिलचा डोस कमी करण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही एकत्र आल्या की ब्लडप्रेशर धोकादायक कोसळतं, म्हणून ती आजच बंद.

आपल्या मुलुंडकराने पुढच्या पावसाळ्यात चालणं सोडलं आणि पाच किलो परत आले, तर अस्तरही त्याच वाटेने मागे जाईल. ड्रॉवरमधल्या पाकिटावरची एक्स्पायरी तारीख त्याने तोवर एकदा बघून घ्यावी.