दोन दिव्यांच्या मधली जागा

फॉल्स सीलिंगमध्ये बसवलेला गोल डाउनलाइट भिंतीच्या जवळ असेल, तर भिंतीवर उजेडाची एक कमान उमटते. ती अर्धवर्तुळासारखी दिसते, पण तिचा आकार वेगळाच असतो. दिव्याचा झोत शंकूसारखा खाली उतरतो आणि भिंत त्या शंकूला उभी कापते. शंकूच्या अक्षाला समांतर असा छेद घेतला की जी वक्ररेषा मिळते तिला भूमितीत अपास्त म्हणतात. बावीसशे वर्षांपूर्वी ग्रीक गणितज्ञ अपोलोनिअस याच वक्रांवर ग्रंथ लिहीत होता, आणि आज ते आपल्या हॉलच्या भिंतीवर रोज संध्याकाळी उमटतात. या कमानीकडे नीट पाहिलं, तर दिवे कुठे लावायचे या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच सापडतं.

त्यासाठी आधी एकच दिवा घेऊ आणि त्याच्या खालच्या टेबलावर उजेड कसा पसरतो ते पाहू. बरोबर दिव्याखाली उजेड सर्वांत जास्त, आणि बाजूला सरकलं की तो कमी होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तो किती झपाट्याने कमी होतो याचा अंदाज सहसा चुकतो. समजा, सर्व दिशांना सारखाच प्रकाश फेकणारा दिवा आहे. त्याच्या सरळ खालच्या रेषेपासून ६० अंश कलून जी जागा येते, तिथपर्यंतचं अंतर दुप्पट होतं. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. शिवाय तो टेबलावर तिरपा पडतो, त्यामुळे तेवढाच उजेड दुप्पट जागेवर पसरतो आणि पुन्हा निम्मा होतो. म्हणजे उरला फक्त आठवा हिस्सा. दिवा तोच आणि त्याची ताकदही तीच, फक्त आपण बाजूला सरकलो. हा हिशेब योहान हाइनरिश लाम्बर्टने १७६० साली ‘फोटोमेट्रिया’ या ग्रंथात मांडला, तेव्हा प्रकाश मोजायला माणसाच्या डोळ्याखेरीज साधन नव्हतं.

खऱ्या डाउनलाइटमध्ये यात आणखी एक गोष्ट मिसळते. तो सर्व दिशांना सारखा प्रकाश फेकत नाही. मधल्या रेषेवर त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि कडेला उतरत जातो. खोक्यावर ‘बीम अँगल ६०°’ असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ उजेड ६० अंशांत संपतो असा नाही. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना ३०-३० अंशांवर जोर निम्मा होतो, एवढंच ते सांगतं. कोन निम्म्यावर मोजण्याचा हा संकेत इथे फार उपयोगी पडतो. शेजारी शेजारी दोन दिवे असले आणि दोघांचाही उजेड बरोबर मधल्या जागेवर निम्मा होत असला, तर दोन अर्धे मिळून तिथे एक पूर्ण उजेड होतो. म्हणजे दोन दिव्यांच्या मधली जागा एका दिव्याच्या खालच्या जागेइतकीच उजळते. एकसारखा उजेड दिसतो तो दिवे मोठे असल्यामुळे नव्हे. एकाचा उतार दुसऱ्याच्या उतारावर बरोबर पडतो म्हणून.

आता एक खोली घेऊ. बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब, शहरातल्या फ्लॅटमधला नेहमीचा हॉल. फॉल्स सीलिंग झाल्यावर उंची साडेआठ फूट राहिली आहे. उजेड हवा तो टेबलाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून अडीच फुटांवर. तेव्हा हिशेबासाठी दिव्याची उंची साडेआठ नाही, सहा फूट. ६० अंशांच्या दिव्यासाठी ढोबळ नियम असा की दोन दिव्यांमधलं अंतर या उंचीपेक्षा जास्त नसावं. बारा फुटांत दोन ओळी, पंधरा फुटांत प्रत्येक ओळीत तीन दिवे, असे सहा दिवे झाले. एका बाजूने अंतर सहा फूट, दुसऱ्या बाजूने पाच.

आणि भिंतीपासून? इथे बहुतेक खोल्या बिघडतात. तीन दिवे लावायचे म्हणून पंधरा फुटांचे चार सारखे भाग पाडले जातात आणि पावणेचार-पावणेचार फुटांवर खुणा होतात. कागदावर हे नीटनेटकं दिसतं, पण खोलीत मधला पट्टा उजळ होतो आणि भिंतीच्या कडा मंद पडतात. कारण मधल्या जागेला दोन्ही बाजूंचे दिवे आहेत, भिंतीलगतच्या जागेला एकाच बाजूचा. खरी वाटणी वेगळी आहे. खोलीचे दिव्यांइतकेच सारखे आयत पाडायचे आणि प्रत्येक दिवा आपल्या आयताच्या मध्यावर ठेवायचा. मग भिंतीपासूनचं अंतर आपोआप निम्मं येतं: एकीकडे तीन फूट, दुसरीकडे अडीच.

हे निम्मं का चालतं, ते मला या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. भिंतीच्या जागी आरसा आहे अशी कल्पना करा. अडीच फुटांवरच्या दिव्याचं प्रतिबिंब आरशाच्या पलीकडे अडीच फुटांवर दिसेल. दिवा आणि त्याचं प्रतिबिंब यांत पाच फूट अंतर, म्हणजे आतल्या दोन दिव्यांत आहे तेवढंच. खोली संपली तरी दिव्यांची रांग भिंतीपलीकडे त्याच अंतराने चालूच राहते. रंगवलेली भिंत आरशासारखी नसते. ती उजेड सगळीकडे विखरून परत देते आणि थोडा स्वतःकडे ठेवते. पांढऱ्या भिंतीला हा अर्ध्याचा नियम बराच लागू पडतो. गडद निळ्या किंवा चॉकलेटी भिंतीला मात्र प्रतिबिंबच जवळजवळ मिळत नाही. तिथे किंवा भिंतीला लागून अभ्यासाचं टेबल असेल तर, कडेचे दिवे अंतराच्या निम्म्यावर न ठेवता एक तृतीयांशापर्यंत भिंतीकडे न्यावेत. कोपरे तरीही मधल्या भागापेक्षा मंद राहतात, कारण तिथे एकाच दिव्याचा उजेड सरळ पोहोचतो. दिवे एक तृतीयांशाहूनही भिंतीजवळ नेले की कमानी ठळक होतात. अडीच फुटांवर ६० अंशांच्या झोताची कमान छतापासून जवळपास सव्वाचार फूट खाली सुरू होते, सोफ्याच्या पाठीच्या जरा वर, आणि शेजारच्या कमानीत हळूच विरते. एका फुटावर आणला तर तीच कमान छताखाली पावणेदोन फुटांवर, नजरेसमोर येते. भिंतीएवढं कपाट असेल तर मोजमाप कपाटाच्या दारापासून घ्यायचं, मागच्या भिंतीपासून नाही.

आता आपल्या सहा दिव्यांची परीक्षा घेऊ. कोपरे आणि भिंतींच्या कडा सोडल्या तर सर्वांत अंधारी जागा चार दिव्यांच्या बरोबर मधली. तिथपर्यंत प्रत्येक दिव्याचा झोत सुमारे ३३ अंश कललेला पोहोचतो. दिवा ६० अंशांचा असेल आणि त्याचा जोर कडेकडे हळूहळू उतरत असेल, तर प्रत्येक दिवा तिथे आपल्या खालच्या उजेडाचा साधारण पाव हिस्सा देतो. चार पाव, एक पूर्ण. दिव्याखाली शेजाऱ्यांचाही उजेड मिळतो, म्हणून तिथे तो थोडा जास्तच असतो. पण मंद जागेतही त्याचा तीन चतुर्थांश राहतो. तो फरकही हळूहळू येतो, म्हणून डोळ्याला जाणवत नाही. आता त्याच सहा छिद्रांत ३६ अंशांचे दिवे बसवा. मधल्या जागेत दिव्याखालच्या उजेडाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच उरतो. फरशीवर उजेडाचे गोळे आणि त्यांच्यामध्ये अंधाराच्या पट्ट्या दिसतात. दुकानात हे दोन दिवे शेजारी ठेवले तर बाहेरून ओळखू येत नाहीत. मग वॅट वाढवले जातात. त्याने गोळे आणखी प्रखर होतात आणि पट्ट्या तशाच राहतात.

राहिला डोळ्यांना लागणारा झगमगाट. दिव्याचा चमकता ठिपका थेट दिसला की डोळा त्रासतो, म्हणून तो भोकात आत लपवलेला असतो. समजा, भोक तीन इंचांचं, आतला चमकता ठिपका एक इंचाचा आणि तो दोन इंच आत आहे. भोकाची आतली बाजू काळी आहे. या मापांतून ४५ अंशांचा कोन निघतो. सोफ्यावर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून पावणेचार फुटांवर धरला, तर छत त्याच्या पावणेपाच फूट वर आहे. तेव्हा पावणेपाच फुटांपलीकडच्या कोणत्याही दिव्याचा ठिपका त्याला दिसणार नाही. त्याहून जवळचे दिवे डोक्याच्या बरेच वर राहतात, नजर सहसा तिथे जात नाही. आडवं पडल्यावर मात्र जाते, म्हणून दिवाणाच्या उशीवर दिवा नको. मधोमध टांगलेल्या पंख्यालाही हाच कोन वाचवतो. आपल्या मांडणीत मधले दोन दिवे पंख्याच्या केंद्रापासून तीन-तीन फुटांवर आहेत. पात्याचं टोक केंद्रापासून दोन फुटांवर आणि छताच्या फूटभर खाली. दिव्यापासून ते बरोबर ४५ अंशांवर पडतं, जिथे प्रकाश संपतो. दोन ओळींऐवजी तीन दिवे मधोमध एका ओळीत लावले, तर पात्यांच्या सावल्या टेबलावर फडफडत राहतील.

झगमगाट आणखी कमी व्हावा म्हणून ठिपका तीन इंच आत नेला तर? मग प्रकाश ३४ अंशांच्या आसपास संपतो, आणि आपली चार दिव्यांमधली जागा ३३ अंशांवर आहे. एका इंचाने ती जवळजवळ अंधारी होते. म्हणजे झगमगाट आणि अंधार एकाच मापाने ठरतात. डोळ्याला सुख देणारा खोल दिवा हवा असेल तर दिवे जवळ जवळ आणि म्हणून जास्त लावावे लागतात. त्याला पर्याय नाही. खोल दिवे आणि थोडे दिवे असं एकत्र मागणाऱ्या घराच्या फरशीवर गोळे उमटणारच. माझं मत विचाराल तर राहत्या घरात ६० अंशांचा, दोन इंच खोल दिवा सर्वांत बरा, आणि एकूण उजेड जास्त दिव्यांत, कमी वॅटमध्ये वाटलेला. आपल्या या खोलीला सहा ते आठ वॅटचे सहा एलईडी पुरे होतात.

छत कापण्याआधी खुणा जमिनीवर करा. खोलीचे सहा आयत खडूने आखा, मध्यांवर फुल्या मारा आणि ओळंब्याने किंवा लेझरने त्या वर न्या. वर जिप्समच्या पाठीमागे पत्र्याचं चॅनेल आडवं आलं तर एकच दिवा सरकवू नका. सगळी ओळ तेवढीच सरकवा, कारण डोळा ओळ मोडलेली लगेच पकडतो. आणि वायरमनने कटर हातात घेण्याआधी दुकानातून दिव्याचे दोन आकडे लिहून आणा: बीम अँगल किती आणि ठिपका किती इंच आत आहे. हे दोन आकडे न सांगणाऱ्या दुकानातून दिवे घेऊ नका.