सहा पानांची पंगत

घरी सहाजण जेवायला बसले की थोड्याच वेळात टेबल फुटतं. चौघं एका विषयावर बोलत राहतात आणि कडेचे दोघं हळूच आपलं वेगळं काहीतरी सुरू करतात. यात कोणाचा दोष नसतो. रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. आपसूक जमलेल्या गप्पांमध्ये एका वेळी साधारण चारच जण टिकतात, पाचवा आला की गट फुटू लागतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे सहाजणांचं संभाषण आपोआप एकसंध राहत नाही, पण एका यजमानाला ते सांभाळता येतं. वेगवेगळ्या पेशांतल्या लोकांची ओळख व्हावी म्हणून जेवण ठेवलं असेल, तर हे सांभाळणं हेच त्याचं खरं काम.

त्याची सुरुवात पाहुणे निवडण्यापासून होते. मी पुण्यात घरी असं जेवण ठेवलं, तेव्हा माझ्यासकट सहाजण होतो: बालरोगतज्ज्ञ, पाणीपुरवठ्यातले अभियंता, खानावळ चालवणाऱ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, सीए आणि वास्तुरचनेचं काम करणारी मी. एका पेशाचा एकच माणूस, हा पहिला नियम. दोन सीए आले की जीएसटीचं पोतं सुटतं आणि उरलेले चौघं कोशिंबीर चिवडत बसतात. दुसरा नियम असा की साहेब आणि हाताखालचा किंवा वकील आणि त्याचं अशील एका टेबलावर नको. तिथं मोकळं बोलणं होत नाही. कोणाला बोलावलंय आणि का, हे मी प्रत्येकाला दोन ओळींत आधी कळवलं होतं.

दुसरी अडचण आपल्या आदरातिथ्याची. गरम पुऱ्या वाढायच्या म्हटलं की यजमानीण ओट्यापाशी, आणि ‘अजून एक घ्याच’ या आग्रहात सांगणाऱ्याचं वाक्य अर्ध्यावर राहतं. अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी यावर तोडगा काढला होता. पाहुण्यांच्या शेजारी पदार्थ ठेवलेली छोटी फडताळं असत, त्यामुळे वाढप्यांची ये-जा नको आणि बोलणंही खासगी राही. मी मसालेभात, टोमॅटोचं सार, काकडीची कोशिंबीर आणि श्रीखंड केलं होतं. सगळं टेबलावर मांडलं, ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं. टेबल गोल असेल तर उत्तम. माझं लांबट आहे, म्हणून मी टोकाला न बसता लांब बाजूच्या मधोमध बसले. अबोल अभियंत्यांना समोर बसवलं, म्हणजे नजरेनंच त्यांना बोलतं करता येईल. बडबड्या सीएंना अगदी शेजारी, कारण समोरासमोर नजर मिळत राहिली की बोलणाऱ्याला जोर चढतो.

ओळख करून देताना पद सांगितलं की माणूस पदामागे जातो. मग कोणीतरी डॉक्टरांना मुलाच्या खोकल्याबद्दल विचारतं आणि जेवणाचा दवाखाना होतो. म्हणून मी सगळ्यांसमोर एकच प्रश्न ठेवला: ‘कामातली कोणती गोष्ट तुम्ही आधी ठामपणे करत होतात आणि आता करत नाही?’ प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, आणि पहिलं उत्तर माझं. यजमानानं स्वतःची चूक छोटी आणि खरी सांगितली, तर इतरांची भाषणं होत नाहीत.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, की पालकसभेत आधी त्या प्रगतिपुस्तकापासून सुरुवात करत, आता मूल घरी काय करतं हे विचारतात. डॉक्टरांनी मान डोलावली. तिथं मी फक्त एवढंच विचारलं, ‘तुमच्याकडेही पालक आधी भलतंच सांगतात का?’ पुढची दहा मिनिटं मला बोलावं लागलं नाही. दोन उत्तरांतला सांधा दाखवायचा आणि बाजूला व्हायचं, एवढंच यजमानाचं बोलणं. सीए लांबले तेव्हा त्यांच्याच एका शब्दाला धरून मी प्रश्न खानावळवाल्या बाईंकडे वळवला. ताटाकडे बघत भराभर जेवणारा माणूस संभाषणाबाहेर पडलेला असतो, त्याच्याकडे लक्ष ठेवावं लागतं. मात्र श्रीखंडानंतर टेबल फुटू द्यावं, तेव्हा दोघादोघांचं बोलणं हवंच असतं.

सहाजणांत पंधरा जोड्या होतात. त्यातल्या पाच माझ्याशी जोडलेल्या, त्या आधीच्याच. खरं मोजमाप उरलेल्या दहांचं. साडेदहाला सगळे निघाले. मी भांडी आवरून गॅलरीत आले, तर फाटकाशी अभियंता आणि खानावळवाल्या बाई अजून उभे होते. पाण्याच्या टाकीबद्दल बोलणं चाललं होतं, आणि वर बघायची दोघांनाही आठवण नव्हती.