बँक म्हणते ४० लाख, वही म्हणते साडेपंचवीस

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा कर्जाचं मंजुरीपत्र घेऊन घरी आला. पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट त्यांनी पाहून ठेवला होता. ४० लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत आणि महिन्याला ३४,७१३ रुपये हप्ता. "मामा, बँकेनंच दिलंय म्हणजे बसत असणार ना?" त्याने विचारलं.

बँकेने तो आकडा काढला कसा, ते आधी पाहू. भाच्याचं पॅकेज वर्षाला १२ लाखांचं, म्हणजे ऐकायला महिन्याला १ लाख. पण त्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीतला वाटा, ग्रॅच्युइटी आणि वर्षअखेरीस मिळाला तर मिळणारा बोनसही धरलेला होता. त्याचा स्वतःचा निधीचा वाटा आणि कर कापून खात्यात दर महिन्याला जमा व्हायचे ८० हजार. बँकेने त्याचे निम्मे, ४० हजार, सगळ्या हप्त्यांसाठी धरले, त्यातून मोटारसायकलच्या कर्जाचा ५ हजारांचा हप्ता वजा केला आणि उरलेल्या ३५ हजारांत बसेल एवढं कर्ज मंजूर केलं. काही बँका निम्म्याच्या जागी चाळीस टक्के धरतात, काही पंचावन्न, पण हिशेबाची रीत हीच. घरात शाळेत जाणारी मुलगी आहे, गावाकडे आईवडिलांना पैसे जातात, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. आपलं कर्ज फिटेल का, हे बँकेला पाहायचं असतं. त्या वीस वर्षांत घर कसं चालेल, हे घरातल्यांनीच पाहायचं.

भाच्याच्या बायकोकडे खर्चाची वही होती, आणि मला वाटतं त्या रात्री सगळ्यात मोलाची वस्तू तीच होती. किराणा, भाजी, दूध मिळून १४ हजार. वीज, गॅस, मोबाइल साडेतीन हजार. पेट्रोल ४ हजार, शाळेची व्हॅन दीड हजार, गावाकडे ६ हजार, कामवाल्या मावशी आणि औषधं मिळून ४ हजार. हे ३३ हजार तिला तोंडपाठ होते. वहीत महिन्याच्या पानावर नव्हते ते वर्षातून एकदोनदा येणारे खर्च. शाळेची फी ६० हजार, आरोग्य आणि आयुर्विम्याचे हप्ते ३६ हजार, दिवाळी, कपडे, लग्नकार्यं, गावी येणंजाणं धरून आणखी ६० हजार. बाराने भागल्यावर महिन्याला १३ हजार निघाले. हप्ता जड जातो तो बहुतेक घरांत याच विसरलेल्या खर्चांमुळे, कारण ते ज्या महिन्यात येतात त्या महिन्यात क्रेडिट कार्डावर टाकले जातात.

म्हणजे घरखर्च ४६ हजार, मोटारसायकल ५ हजार. ८० मधून उरले २९. नव्या इमारतीचा मेंटेनन्स ३ हजार. हाती राहिले २६ हजार, आणि हप्ता पावणेपस्तीस हजारांचा. दर महिन्याला जवळजवळ पावणेनऊ हजारांची तूट, तीही एक रुपया बाजूला न टाकता. सुटलेलं घरभाडं यात आधीच धरलेलं आहे.

भाच्याला ते पटेना. बायको म्हणाली, "आपण काटकसर केली तर?" मी म्हटलं, करून पाहा. घर घेण्याआधीच हप्ता भरायला लागा. तेव्हाचं भाडं १५ हजार होतं. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून ३७,७०० होणार, म्हणजे भाड्याहून २२,७०० जास्त. तेवढी रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेला वेगळ्या खात्यात टाकायची आणि सहा महिने तिला हात लावायचा नाही. लावावाच लागला, तर कशासाठी ते वहीत लिहायचं.

दुसऱ्या महिन्यात शाळेच्या सहामाही फीसाठी ३० हजार काढावे लागले. चौथ्या महिन्यात वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी २५ हजार. सहा महिन्यांत जमायला हवे होते १ लाख ३६ हजार, खात्यात राहिले ८१ हजार. महिन्याला साडेतेरा हजार. त्यात भाड्याचे १५ हजार मिळवले आणि मेंटेनन्सचे ३ हजार काढले, की या घराला झेपणारा हप्ता निघतो साडेपंचवीस हजार. वहीचा २६ हजारांचा आकडाही याच्याच जवळचा.

पण साडेपंचवीस हजारांत तेव्हाच्या दराने बसेल तेवढं, म्हणजे सव्वाएकोणतीस लाखांचं कर्ज घेणंही मला धोक्याचं वाटलं. बहुतेक गृहकर्जांचा दर बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि त्याला जोडलेली गृहकर्जंही तेवढीच महागली. अशा वेळी बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात, म्हणून कर्जदाराला लगेच काही जाणवत नाही. भाच्याचंच ४० लाखांचं कर्ज घ्या. सुरुवातीलाच दर साडेआठवरून साडेदहा झाला, तर एका महिन्याचं नुसतं व्याजच ३५ हजार होतं. हप्ता ३४,७१३. म्हणजे पूर्ण हप्ता भरूनही मुद्दल कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. मुदत कितीही ताणली तरी असं कर्ज फिटत नाही, हप्ता वाढवावाच लागतो, आणि या उदाहरणात तो ४० हजारांच्या घरात जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी बँकेने कर्जदाराला द्यावी. निवड मिळते खरी, पण वाढीव हप्ता भरायला पगारात जागा हवी.

म्हणून झेपणारा हप्ता नेहमी दोन टक्के जादा दराने तपासावा. साडेदहा टक्के दराने वीस वर्षांसाठी दर लाखाला सुमारे ९९८ रुपये हप्ता पडतो. साडेपंचवीस हजारांत साडेपंचवीस लाख बसतात. तेव्हाच्या साडेआठ टक्क्यांनी त्याच कर्जाचा हप्ता होतो २२,१३० रुपये. मधले सव्वातीन हजार हीच दरवाढीसाठीची जागा.

आणखी एक गोष्ट त्या रात्री निघाली. त्यांच्याकडे साडेचौदा लाख शिल्लक होते. ५० लाखांच्या फ्लॅटसाठी स्वतःचे १० लाख, सात टक्के मुद्रांक शुल्काचे साडेतीन लाख, नोंदणीचे ३० हजार. बँक शुल्कासाठी कर्ज देत नाही. ताबा मिळाला त्या दिवशी हाती ७० हजार राहिले असते, महिन्याच्या पगाराहूनही कमी. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घेतलं असतं, तर ताबा मिळेपर्यंत भाडं आणि बँकेने दिलेल्या रकमेवरचं व्याज, दोन्ही एकाच वेळी.

शेवटी त्यांनी ३५ लाखांचा, जुन्या इमारतीतला एका बेडरूमचा फ्लॅट घेतला. साडेपंचवीस लाख कर्ज आणि शुल्कांसह स्वतःचे सव्वाबारा लाख. सहा महिन्यांत साठलेले ८१ हजार धरून जवळपास ३ लाख हाताशी राहिले, हप्त्यासह घर चालवायला चार महिने पुरतील एवढे. मागच्या वर्षी मोटारसायकलचं कर्ज फिटलं, तेव्हापासून ते ५ हजार दर महिन्याच्या ५ तारखेला त्याच वेगळ्या खात्यात जातात.